सर, एक रेफरन्स हवाय... अर्जंट!

दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्या इनबॉक्समध्ये एक वेगळाच सीझन सुरू होतो. जुन्या विद्यार्थ्यांच्या मेल्सचा सीझन. कुणाला एमएसला जायचं असतं, कुणाला जॉब बदलायचा असतो, कुणाला स्कॉलरशिप हवी असते. मी पुण्यातल्या एका कॉलेजात सिव्हिल इंजिनीअरिंग शिकवतो आणि या मुलांना रेकमेंडेशन लेटर देणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. त्याची कटकट वाटत नाही. उलट आपला पोरगा कुठे पोचलाय ते कळतं, बरं वाटतं. प्रॉब्लेम होतो तो मेलमध्ये काहीच लिहिलेलं नसतं तेव्हा.

मागच्या सीझनला अशीच एक मेल आली. तिला मी जरा लांबलचक उत्तर लिहिलं. त्या मुलाने ते स्वतःच मित्रांमध्ये फिरवलं आणि मग मला म्हणाला, "सर, कुठेतरी छापायला द्या, फक्त माझं नाव गाळा." नाव गाळून ते उत्तर इथे देतोय.

*

प्रिय मित्रा,

तुझी मेल मिळाली. "हाय सर, ओळखलंत ना? एक रेफरन्स हवा होता. थोडं अर्जंट आहे. प्लीज डू द नीडफुल." मेल इथेच संपते. मी खाली स्क्रोल करून पाहिलं, अटॅचमेंट शोधली, स्पॅमसुद्धा उघडून पाहिला. बाकी काही नव्हतं.

ओळखलं का? निम्मं ओळखलं. तू खाली फक्त पहिलं नाव आणि '२०१९ बॅच' एवढंच लिहिलंयस. त्या बॅचमध्ये या नावाचे तीन जण होते. तुझ्या मेल आयडीत आडनावाच्या जागी 'रॉकस्टार' आहे, त्यामुळे तिथूनही काही पत्ता लागला नाही. तीनपैकी एकाला मी फक्त एक सेमिस्टर शिकवलं. उरलेले दोघे माझ्याच हाताखाली फायनल इयरचं प्रोजेक्ट करत होते, आणि तेही एकाच ग्रुपमध्ये! तू त्या दोघांपैकी एक असशील असं धरून पुढचं लिहितोय.

मी चिडलेलो नाही, हे आधीच सांगतो. मी नाहीही म्हणत नाहीये. पण आत्ता हो म्हटलं तर तुझ्या हातात काय पडेल, ते तुला कळायला हवं.

रेफरन्स म्हणजे नक्की कुठला?

रेफरन्स हा एकच शब्द आपण तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. तुला नवीन जॉबसाठी हवा असेल तर शक्यतो एचआरमधून मला एक फोन येईल. दहा मिनिटांचं काम. हा माणूस तुमच्या हाताखाली काय करायचा, वेळेवर यायचा का, टीमशी जमायचं का, परत घ्याल का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, कारण तू माझ्याकडे नोकरी केलेली नाहीस. तिथे तुझा आधीचा बॉस लागतो. डिग्री खरी आहे की नाही एवढंच तपासायचं असेल तर ते काम कॉलेजचं ऑफिस किंवा युनिव्हर्सिटीचा परीक्षा विभाग करतो. त्यात माझा संबंधच येत नाही.

परदेशी युनिव्हर्सिटीत मास्टर्सला अ‍ॅडमिशन हवी असेल तर सगळा मामलाच वेगळा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तीन लेटर्स मागतात. अर्ज भरताना तू माझं नाव, हुद्दा आणि मेल आयडी टाकतोस, मग युनिव्हर्सिटीची सिस्टिम मला एक लिंक पाठवते. त्या लिंकवर मी फॉर्म भरतो आणि लेटर अपलोड करतो. ते लेटर तुझ्या हातात कधी येतच नाही. स्कॉलरशिपचं आणखी वेगळं असतं. प्रत्येक स्कॉलरशिपला कोणते गुण हवेत ते तिच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि लेटर त्यावरच बोलावं लागतं.

म्हणजे कशासाठी हे कळल्याशिवाय मी पहिली ओळसुद्धा लिहू शकत नाही. मेल्सचा सीझन बघता एमएसचंच असावं असा माझा अंदाज आहे. तोच धरून पुढे जातो.

रजिस्टर काय म्हणतं?

आज, आत्ता, तुझ्या मेलच्या भरवशावर मी लेटर लिहायला बसलो तर माझ्याकडे फक्त दोन वस्तू आहेत. एक मार्कांचं रजिस्टर आणि दुसरी माझी स्मरणशक्ती. रजिस्टरवरून लेटर असं होईल:

"हा विद्यार्थी माझ्या वर्गात होता. त्याने माझे दोन विषय घेतले आणि फर्स्ट क्लास मिळवला. तो नियमित, मेहनती आणि नम्र आहे. त्याच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा."

वाईट वाटतं का वाचून? नाही ना? पण हे लेटर तुझं नुकसान करतं. अ‍ॅडमिशन कमिटीसमोर तुझी मार्कशीट आधीच असते. फर्स्ट क्लास तिला तिथेच दिसतो. मग माझ्या लेटरने नवीन काय सांगितलं? काहीच नाही. उलट एक गोष्ट नकळत सांगितली, की हे सर या मुलाला नीट ओळखत नाहीत. अशा पत्रांना तिकडे 'वर्गात चांगला होता' टाइपची पत्रं म्हणतात आणि ती बाजूला पडतात. तीनपैकी एक जागा तू अशा पत्रावर घालवलीस तर तुझी बाजू मांडायला दोनच माणसं उरतात.

लेटरच्या आधी असतो तो फॉर्म. पहिला प्रश्न, तुम्ही याला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता? मग बऱ्याच ठिकाणी एक तक्ता येतो. एका बाजूला गुण: विषयाचं ज्ञान, लेखन, बोलण्यातली स्पष्टता, स्वतंत्रपणे काम करायची क्षमता, प्रामाणिकपणा. दुसऱ्या बाजूला रकाने: टॉप २ टक्के, टॉप ५, टॉप १०, टॉप २५, त्याखाली. आणि सगळ्यात शेवटी, 'निरीक्षणाची संधी मिळाली नाही'. तुलना कुणाशी करताय तेही विचारतात. या वर्षीच्या वर्गाशी, की आजवर शिकवलेल्या सगळ्यांशी?

विषयाचं ज्ञान मी मार्कांवरून टिक करीन. बाकीच्या चार ओळींत मला प्रामाणिकपणे शेवटचा रकाना निवडावा लागेल. म्हणजे चार वेळा 'माहीत नाही'. सगळीकडे सरसकट 'टॉप २ टक्के' टिक करून मोकळं होणारेही असतात. पण त्याच कॉलेजातून, त्याच सरांकडून दर वर्षी आठ-दहा मुलं 'टॉप २ टक्के' यायला लागली की वाचणाऱ्याला गणित कळतं. मग त्या सरांच्या सहीची किंमत शून्य होते आणि ती पुढच्या बॅचला मोजावी लागते.

तीन क्यूब्जची गोष्ट

आता माझ्या आठवणीकडे येऊ. कारण मला एक गोष्ट पक्की आठवते आणि सगळं घोडं तिथेच अडलंय.

तुमच्या चौघांच्या ग्रुपचं प्रोजेक्ट काँक्रीटवर होतं. जुन्या पाडकामातली खडी किती टक्के वापरली तर चालते, ते तुम्ही बघत होतात. एम-२५ ग्रेड, १५० मिलिमीटरचे क्यूब, प्रत्येक मिक्सचे तीन-तीन, २८ दिवस क्युरिंगच्या टाकीत आणि मग मशीनखाली फोडायचे. एका मिक्सचे आकडे आले ३१, ३० आणि २३. सरासरी २८. अहवालात टाकायला एकदम छान आकडा. ग्रुपमधल्या बहुतेकांचं मत होतं की सरासरी लिहू आणि पुढे जाऊ. सबमिशन तोंडावर होतं.

पण आयएस ४५६ काय सांगतो? तिन्हीपैकी एकही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त लांब गेला तर त्या सॅम्पलचा निकालच धरायचा नाही. २८ चे १५ टक्के म्हणजे ४.२. तेव्हा खालची मर्यादा २३.८. तुमचा २३ त्याच्याही खाली. म्हणजे छान दिसणारी ती सरासरी बाद!

ग्रुपमधल्या एकाने हे हिशेब करून दाखवलं. तेवढ्यावर तो थांबला नाही. फुटलेल्या क्यूबचे तुकडे शोधून त्याने मला दाखवलं की मशीनच्या प्लेटखाली क्यूबची वरची, थापीने सपाट केलेली बाजू आली होती. क्यूब ठेवताना साच्याला लागलेल्या गुळगुळीत बाजूंवर दाब यायला हवा. थापीची बाजू कितीही सारखी केली तरी थोडी उंचसखल राहते. मग दाब एकाच ठिकाणी एकवटतो आणि क्यूब लवकर फुटतो. म्हणजे काँक्रीट कमजोर नव्हतं, ठेवण्यात चूक होती. त्या मुलाने तीन क्यूब नव्याने टाकले आणि पुन्हा २८ दिवस वाट पाहिली. मधल्या प्रेझेंटेशनला त्या मिक्सच्या रकान्यात 'निकाल बाकी' असं लिहून तो उभा राहिला. परीक्षकांनी झापलं, तरी त्याने आकडा भरला नाही.

बॉस, हा एक परिच्छेद लेटरमध्ये असला ना, तर मला 'प्रामाणिक', 'मेहनती', 'जिज्ञासू' यातला एकही शब्द वापरावा लागणार नाही. वाचणारा प्राध्यापक लॅब चालवत असतो. घाईच्या वेळी नको असलेला आकडा दिसल्यावर हा मुलगा काय करतो, हेच त्याला माझ्याकडून जाणून घ्यायचं असतं. मार्कशीट त्याला ते सांगत नाही, तुझा स्टेटमेंट ऑफ पर्पजही सांगत नाही. तू स्वतः लिहिलंस तर ती बढाई वाटते. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून मी लिहितो, तेव्हा तो पुरावा होतो. शिवाय फॉर्ममधल्या 'स्वतंत्रपणे काम' आणि 'प्रामाणिकपणा' या दोन ओळींत मी हात न थरथरता वरचा रकाना टिक करू शकतो.

फक्त एकच अडचण आहे. तो मुलगा तू होतास, की तुझा नाववाला?

मला प्रसंग आठवतो, क्यूब आठवतो, नाव आठवतं. चेहऱ्यांची मात्र सरमिसळ झाली आहे. तुमच्यानंतर कितीतरी ग्रुप त्याच मशीनसमोर उभे राहून गेले. लॅबचं क्यूब रजिस्टर कपाटात आहे. त्यात टाकल्याची तारीख, फोडल्याची तारीख, किलोन्यूटनमधला लोड आणि फोडणाऱ्याची सही असते. तुझं आडनाव आणि रोल नंबर कळला की दोन मिनिटांत छडा लागेल. तोवर मी हा परिच्छेद लिहिणार नाही. चुकून दुसऱ्याचं श्रेय तुला दिलं तर मी खोटं लेटर दिलं असं होईल. उद्या तो दुसराही माझ्याकडेच लेटर मागायला येईल. मग त्याला काय सांगू? तुझी गोष्ट विकली गेली?

आणि तो तू नसशील तर तेही सांग. प्रोजेक्टमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी येतंच. तुझ्या वाट्याला काय आलं होतं ते आठव आणि मला लिही. तेही दणदणीत निघू शकतं.

"सर, मीच ड्राफ्ट पाठवू का?"

तुझा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. "सर, तुम्हाला त्रास नको, मीच लिहून पाठवतो, तुम्ही फक्त सही करा." आपल्याकडे हे सर्रास चालतं, मला ठाऊक आहे. काही सर स्वतःच तसं सुचवतात. मी करत नाही आणि त्यामागे तत्त्वाइतकीच व्यवहाराची कारणं आहेत.

पहिलं म्हणजे बऱ्याच फॉर्मवर मला जाहीर करावं लागतं की हे पत्र मी स्वतः लिहिलंय. दुसरं, तू लिहिलेलं लेटर ओळखू येतं. विद्यार्थी स्वतःबद्दल लिहितो तेव्हा एकतर लाजतो, नाहीतर विशेषणांचा पाऊस पाडतो. आणि त्याला एक गोष्ट लिहिताच येत नाही, ती म्हणजे तुलना. मी आजवर इतक्या ग्रुप्सना गाइड केलं, त्यात आकडा चुकीचा वाटला म्हणून स्वतःहून पुन्हा क्यूब टाकणारे किती निघाले, हे फक्त मला माहीत आहे. तिसरं, तिन्ही सरांना तूच ड्राफ्ट दिलेस की तिन्ही लेटर्सची भाषा एकसारखी होते. तीच वाक्यरचना, तेच आवडते शब्द, कधीकधी तीच स्पेलिंगची चूक. तीन वेगळी माणसं एकाच आवाजात कशी बोलतील?

मला ड्राफ्ट नको, कच्चा माल हवा. तारखा, विषय, काय केलंस, कुठे अडलास, पुढे काय झालं. वाक्यं मी करीन.

याच संदर्भात अर्जातला एक छोटा चौकोन नीट वाच. अमेरिकेत १९७४ चा एक कायदा आहे, त्याला फर्पा म्हणतात. त्यानुसार अ‍ॅडमिशन मिळून तू तिथे शिकायला लागलास की तुझ्या फाइलमधली कागदपत्रं, म्हणजे ही लेटर्ससुद्धा, बघायचा हक्क तुला मिळतो. अर्ज करताना विचारतात, हा हक्क सोडायला तयार आहेस का? हक्क तुझा आहे, सोडायचा की नाही ते तूच ठरव. पण बहुतेक मुलं सोडतात. कारण पत्र गुप्त राहणार आहे हे माहीत असलं की वाचणारा त्यावर जास्त भरवसा ठेवतो. माझ्यापुरतं सांगायचं तर, जे तुझ्या तोंडावर बोलू शकणार नाही ते मी पाठीमागेही लिहीत नाही. तू काहीही निवड, लेटर तेच राहील.

घड्याळ कुणाचं?

आता 'अर्जंट'बद्दल. म्हणजे कधी? उद्या? पुढच्या महिन्यात? १५ डिसेंबर?

समजा डेडलाइन १५ डिसेंबर, रात्री ११.५९, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतात. म्हणजे आपल्याकडे १६ तारखेचे सकाळचे १०.२९. पश्चिम किनाऱ्याची वेळ असेल तर १६ तारखेचे दुपारचे १.२९. ऐकायला मोठी सवलत वाटते, पण त्या वेळी मी वर्गात असतो. शिवाय डिसेंबर म्हणजे आमच्याकडे ओरल, प्रॅक्टिकल आणि पेपर तपासणी. मला तीन आठवडे दे. मी तीन आठवडे लिहीत बसत नाही. लिहायला दोन संध्याकाळी पुरतात. पण त्या दोन संध्याकाळी सापडायला तीन आठवडे लागतात.

दुसरी भानगड लिंकची. तू अर्जात माझा आयडी टाकलास म्हणजे मला मेल पोचली असं नाही. ती वेळोवेळी स्पॅममध्ये जाते. काही ठिकाणी तू अर्ज सबमिट करेपर्यंत लिंक सुटतच नाही आणि तू शेवटच्या रात्री सबमिट करतोस! म्हणून आधी फॉर्मवरची सूचना वाच, लिंक कधी सुटते ते बघ आणि सुटली की मला एक एसएमएस टाक. आयडी माझा कॉलेजचा दे. जीमेलवरून आलेल्या लेटरकडे बऱ्याच युनिव्हर्सिटी संशयाने बघतात. खोटे आयडी काढून स्वतःच स्वतःची लेटर्स भरणारे महाभाग होऊन गेलेत, त्याची ही किंमत.

आणि पाच युनिव्हर्सिटी असतील तर पाचही एकदम सांग. लेटर मुळात एकच असतं, पण प्रत्येक कोर्ससाठी त्यात थोडा बदल करतो. स्ट्रक्चर्सच्या कोर्सला क्यूबची गोष्ट वर येते, कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या कोर्सला ग्रुप कसा सांभाळला ते वर येतं. दर चार दिवसांनी "सर, अजून एक" असं आलं की माझ्याकडूनच युनिव्हर्सिटीचं नाव चुकायची भीती असते. एका युनिव्हर्सिटीला दुसरीच्या नावाचं लेटर गेलं तर तुझं काय होईल, विचार कर.

मीच का?

हा प्रश्न तुला थोडा बोचेल. तू २०१९ ला पास झालास. त्यानंतर काय करतोयस ते मला माहीत नाही. साइटवर आहेस, डिझाइन ऑफिसमध्ये आहेस की आयटीत गेलास? नोकरी केली असशील तर निदान एक लेटर तिथल्या सीनिअरचं असलेलं बरं. त्याने तुला कालपरवा पाहिलंय, मी काही वर्षांपूर्वी. अख्खा अर्ज कॉलेजच्या सरांच्या लेटर्सवर उभा असला तर वाचणाऱ्याच्या मनात येतंच, की मधल्या वर्षांत याला ओळखणारं कुणी भेटलंच नाही का?

बॉसला सांगायची भीती वाटते हे कळतं. अ‍ॅडमिशनच्या आधीच तो प्रोजेक्टमधून काढेल, अप्रेझलला दाखवेल, असं वाटतं. मग आधीच्या कंपनीतला बॉस बघ, किंवा नोकरी सोडून गेलेला टीम लीड. ज्याच्या हाताखाली तू खरंच काम केलंस आणि ज्याला आता तुझ्या जाण्याने फरक पडत नाही, असा माणूस.

आणि कुणालाही विचारताना "लेटर द्याल का?" असं विचारू नकोस. त्याला सगळे हो म्हणतात. विचार, "माझ्याबद्दल ठोस काही लिहिता येईल इतकं तुम्ही मला ओळखता का?" त्यावर समोरचा लगेच एखादा प्रसंग सांगायला लागला तर समज, काम झालं. "बघू, नंतर आठवण कर" असं म्हणाला तर ते सभ्य भाषेतलं नाही आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. त्याने तुझ्यावर उपकारच केलेत.

मग मेल कशी लिहायची?

नमुना देतो. मजकूर तुझा तू भर.

"नमस्कार सर, मी अमुक तमुक (पूर्ण नाव), रोल नंबर अमुक, २०१९ ची सिव्हिल बॅच. तुमच्याकडे अमुक सेमिस्टरला अमुक दोन विषय केले आणि फायनल इयरचं काँक्रीटचं प्रोजेक्ट केलं. ग्रुपमध्ये माझ्याकडे अमुक काम होतं. सध्या अमुक ठिकाणी अमुक काम करतो. अमुक कोर्ससाठी पाच युनिव्हर्सिटींना अर्ज करतोय, यादी आणि भारतीय वेळेप्रमाणे डेडलाइन्स सोबत आहेत. बाकीची दोन लेटर्स अमुक आणि अमुक देणार आहेत. ते माझ्या नोकरीतल्या कामाबद्दल लिहितील, तुम्ही प्रोजेक्टबद्दल लिहावं असं वाटतं. मार्कशीट, बायोडेटा, स्टेटमेंट ऑफ पर्पज आणि एक फोटो जोडलाय. तुम्हाला शक्य नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा."

बघ, दहा-बारा ओळी होतात. लिहायला अर्धा तास लागेल. पण शेवटून तिसरं वाक्य विसरू नकोस, बाकीचे दोघे काय लिहिणार आहेत ते. तिघांनी तीन वेगळ्या बाजू दाखवल्या तर तू पूर्ण दिसतोस. तिघांनी एकच बाजू दाखवली तर एकाच लेटरच्या तीन झेरॉक्स होतात.

हे सगळं रविवारपर्यंत पाठव. मी सोमवारी सकाळी लॅबमध्ये असतो, रजिस्टर काढून ठेवतो.

तुझा,
सर

*

उत्तर रविवारी रात्री आलं. या वेळी आडनाव होतं, रोल नंबर होता, पाच युनिव्हर्सिटींची यादी होती. आणि मध्ये एक परिच्छेद होता: "सर, क्यूब परत टाकणारा मी नव्हतो. तो दुसरा. मी उलट सरासरी लिहून टाकू म्हणणाऱ्यांत होतो. मी मिक्स डिझाइनचे हिशेब केले होते आणि सगळ्या खडीचं पाणी शोषणं मोजलं होतं. पुढे तीन वर्षं एका साइटवर क्वालिटीचं काम केलं, तेव्हा क्यूब नीट ठेवलाय की नाही हे रोज बघायचो. ते त्या दिवशी लॅबमध्ये शिकलो."

सोमवारी रजिस्टर काढलं. सही दुसऱ्याचीच होती. पाणी शोषणाच्या पानांवर मात्र याची सही होती, ओळीने अकरा रीडिंग्ज, प्रत्येक खडी २४ तास भिजवून आणि मग भट्टीत सुकवून घेतलेली. जुनी खडी नव्या खडीपेक्षा जास्त पाणी पिते. ते मोजलं नसतं तर मिक्समधल्या पाण्याचा हिशेबच चुकला असता आणि पुढचे सगळे क्यूब वाया गेले असते. कंटाळवाणं काम, कुणाच्या लक्षात न राहणारं. माझ्याही नव्हतं राहिलं.

लेटर त्यावरच लिहिलं. साइटचं लेटर त्याच्या आधीच्या क्वालिटी मॅनेजरने दिलं. क्यूबची गोष्ट मी त्यात घातली नाही. ती दुसऱ्यासाठी राखून ठेवलीय, तो मागेल तेव्हा. फॉर्ममध्ये 'प्रामाणिकपणा'ची ओळ आली, तेव्हा रजिस्टर बघायची गरज पडली नाही. त्याची ती मेल माझ्यासमोर उघडीच होती.